सोसायटीतलं संक्रांतीचं हळदी-कुंकू (सोलापूर): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालच्या उत्तरांमध्ये एकच सोसायटी उदाहरण म्हणून धरली आहे. दोन विंग, 48 फ्लॅट, त्यातले 6 बंद, म्हणजे 42 घरं नांदती. कार्यक्रम पार्किंगमध्ये, वाण सगळ्यांचं मिळून एकच. तुमची सोसायटी लहान-मोठी असेल तर आकडे त्या प्रमाणात बदला, क्रम मात्र हाच ठेवा.

हळदी-कुंकू कोणत्या तारखांमध्ये करता येतं?

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत. हा काळ दर वर्षी सारखा नसतो आणि घोळ तिथेच होतो. संक्रांत सूर्यावर ठरते, म्हणून ती 14 किंवा 15 जानेवारीलाच येते. रथसप्तमी ही माघ शुद्ध सप्तमी, म्हणजे तिथी, ती दर वर्षी पुढेमागे सरकते. 2024 मध्ये रथसप्तमी 16 फेब्रुवारीला होती, तेव्हा महिनाभर मोकळा मिळाला. 2025 मध्ये ती 4 फेब्रुवारीला आली. 2026 मध्ये तर 25 जानेवारीलाच, म्हणजे संक्रांतीनंतर अकरा दिवसांत सगळं उरकायचं होतं. 2027 मध्ये ती 13 फेब्रुवारीला आहे, तेव्हा पुन्हा ऐसपैस वेळ आहे. "गेल्या वर्षी फेब्रुवारीत केलं होतं, यंदाही करू" असं म्हणत बसलं की रथसप्तमी हातची जाते. डिसेंबरातच कॅलेंडर काढून बघा.

त्यातला कोणता दिवस घ्यावा?

आधी टाळायचे दिवस खोडा. संक्रांतीचा दुसरा दिवस किंक्रांत, त्या दिवशी शुभकार्य नको असं बहुतेक घरांत मानतात. मग पौष अमावस्या. रथसप्तमी सातवी तिथी असल्यामुळे ही अमावस्या तिच्या साधारण आठवडाभर आधी या काळात येतेच येते. 2026 मध्ये ती 18 जानेवारीला, नेमकी रविवारी होती, आणि पुढचा रविवार थेट रथसप्तमीचाच. म्हणजे अमावस्या पाळणाऱ्यांना एकच रविवार उरला. 2027 मध्ये अमावस्या 6 फेब्रुवारीला, शनिवारी आहे. तुमच्या मंडळात कुणी अमावस्या मानत नसेल तर प्रश्नच नाही, पण चार जणी मानणाऱ्या असतील तर त्या वाद न घालता नुसत्या येत नाहीत.

सोलापूरकरांना आणखी एक गोष्ट धरावी लागते, ती म्हणजे सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा. अक्षता सोहळा, होम आणि शोभेचं दारूकाम हे दिवस संक्रांतीला लागूनच येतात. निम्मी घरं नंदीध्वज बघायला नाहीतर होम मैदानावर गेलेली असतात, घरात पाहुणे असतात आणि त्या भागातून रिक्षाही लवकर मिळत नाही. त्यामुळे संक्रांतीचे पहिले चार-पाच दिवस सोडून द्यावेत हे बरं.

आणि पाणी. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी पाळी असेल त्या दिवशी वॉचमन मोटरीजवळ अडकलेला असतो, टाकी भरून वाहिली की पार्किंग ओलं होतं आणि शेजारच्या रो-हाऊसमधल्या बायका घरचं पाणी भरल्याशिवाय निघत नाहीत. पाळी अधूनमधून पुढे ढकलली जाते, तेव्हा तारीख ठरवताना अंदाज घ्या आणि आदल्या दिवशी वॉचमनला पुन्हा विचारा.

उदाहरणातल्या सोसायटीने 2027 साठी रविवार, 24 जानेवारी घेतला असं धरू. 26 जानेवारीचा पर्यायही चांगला: सकाळच्या झेंडावंदनाच्या खुर्च्या आणि स्पीकर संध्याकाळी कामाला येतात, सुट्टीही असते. 2026 मध्ये मात्र हा दिवस रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी पडला होता, म्हणजे एका दिवसाने हुकला.

वेळ किती ते किती ठेवावी?

संध्याकाळी 5 ते 7.30, आणि निमंत्रणात दोन्ही टोकं लिहावीत. नुसतं "5 वाजता" लिहिलं की पाचला कुणी येत नाही आणि साडेसहाला सगळ्या एकदम येतात. जानेवारीत सोलापुरात सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो. त्यानंतर हवेत गारवा येतो, आजीबाईंना पार्किंगमध्ये बसवत नाही. म्हणून पहिला अर्धा तास वयस्कर बायकांचा आणि लहान मुलांच्या आयांचा, हे निमंत्रणातच सांगा. दिवेलागणीला घरी दिवा लावून येणाऱ्या आणि नोकरीवरून येणाऱ्या सव्वासहानंतर येतात. खरी गर्दी सहा ते पावणेसातच्या आत असते.

त्या पाऊण तासाचा हिशेब करून बघा. हळद, कुंकू, अत्तर, गुलाबपाणी, तिळगूळ, मग "कशी आहेस, लेक आली का?" एवढं धरलं तर एका बाईला दीड मिनिट लागतंच. 40 जणी आल्या तर एका रांगेला एक तास. दोन ताटं, दोन रांगा केल्या की अर्ध्या तासात मोकळं होतं. दोन्ही ताटं एकाच टेबलावर शेजारी ठेवली तर रांग पुन्हा एकच होते. ती निदान दहा-बारा फूट लांब, वेगवेगळ्या खांबांशी ठेवा.

उखाणे, गाणी, खेळ सात वाजता घ्या, आधी नाही. उखाणे सुरू झाले की हळदी-कुंकू लावणाऱ्या ताट खाली ठेवून ऐकायला जातात आणि दारात आलेली बाई तशीच उभी राहते.

निमंत्रण सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं तर पुरे नाही का?

नाही. आधी त्या ग्रुपमध्ये कोण आहे ते बघा. बहुतेक सोसायट्यांच्या ग्रुपमध्ये फ्लॅट ज्यांच्या नावावर आहे ते, म्हणजे बऱ्याचदा पुरुष, असतात. भाडेकरू नसतातच. नवऱ्याने मेसेज वाचला, अंगठा दाखवला आणि घरात सांगायचं विसरला, हे इतक्या घरांत होतं की त्याला अपवाद म्हणता येणार नाही. पार्किंगच्या भांडणाच्या आणि मेंटेनन्सच्या मेसेजखाली निमंत्रण गाडलं जातं ते वेगळंच.

तीन टप्पे करा. आठ दिवस आधी महिलांच्या ग्रुपवर मेसेज आणि लिफ्टशेजारी छापील कागद. दोन दिवस आधी प्रत्येक मजल्यावरच्या एकीने आपल्या मजल्यावर दारोदार जाऊन तोंडी सांगणं आणि नावं लिहून घेणं. त्या दिवशी दुपारी तीनला एक ओळीची आठवण. यातला मधला टप्पा सोडला तर बाकीचे दोन कामाचे नाहीत. आपल्याकडे हळदी-कुंकवाचं आमंत्रण दारात येऊन दिलेलंच खरं आमंत्रण, बाकी सूचना.

निमंत्रणाचा मजकूर कसा असावा?

असा चालेल:

> सप्रेम नमस्कार.
> संक्रांतीनिमित्त आपल्या सोसायटीतल्या सर्व महिलांसाठी हळदी-कुंकू आणि तिळगुळाचा कार्यक्रम रविवार, 24 जानेवारी 2027 रोजी संध्याकाळी 5 ते 7.30 या वेळेत बी विंगच्या पार्किंगमध्ये ठेवला आहे.
> घर स्वतःचं असो वा भाड्याचं, घरातल्या सगळ्या जणींनी यावं. सासूबाई, आई, माहेरी आलेल्या लेकी, पाहुण्या यांनाही घेऊन यावं.
> आजी मंडळी आणि लहान मुलांच्या आया यांच्यासाठी 5 ते 5.30 ही वेळ सोयीची राहील.
> वाण सर्वांचं मिळून एकच आहे, वेगळं आणू नये.
> आपल्या घरातून किती जणी येणार, ते नावांसह बुधवारपर्यंत आपल्या मजल्यावरच्या प्रतिनिधीला सांगावं.
> तिळगूळ घ्या, गोड बोला.
> आपल्या, सोसायटीतल्या मैत्रिणी

यातलं प्रत्येक वाक्य कुठल्या ना कुठल्या गोंधळावरचा उतारा आहे. "भाड्याचं" हा शब्द नसला तर भाडेकरू घरं स्वतःला वगळलेली समजतात. "सासूबाई, आई" लिहिलं नाही तर घरातली एकच बाई येते. "वेगळं आणू नये" नसेल तर दहा जणी पिशव्या घेऊन येतात. आणि "नावांसह" का, ते वाणाच्या उत्तरात येईल.

खाली अध्यक्ष-सचिवांची नावं नकोत, हा कार्यक्रम व्यवस्थापन समितीचा नव्हे. आपल्याकडे कन्नड आणि तेलुगू बोलणारी घरं भरपूर आहेत, तेव्हा त्याच कागदावर एकेक ओळ त्या भाषेत असू द्या, आणि ती शेजारणीकडूनच लिहून घ्या. कन्नडमध्ये आपल्या "गोड बोला"सारखंच म्हणतात: "एळ्ळु बेल्ल तिंदु, ओळ्ळे माताडि". ही एक ओळ दिसली की त्या घरातल्या आजी हमखास खाली उतरतात.

"सुवासिनींना आग्रहाचं निमंत्रण" असं लिहावं का?

लिहू नये. एका शब्दाने इमारतीतल्या पाच-सहा जणी दाराआड राहतात, आणि त्या तुम्हाला रोज लिफ्टमध्ये भेटणार असतात. 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्यानंतर राज्य सरकारनेही सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करण्याचं आवाहन केलं. सोसायटीने निदान निमंत्रणात मागे राहू नये. "सर्व महिला" हे दोन शब्द पुरतात. "विधवा भगिनींनीही यावं" असं वेगळं लिहिणं आणखी वाईट, त्यात बोट दाखवल्यासारखं होतं.

प्रत्यक्ष ताटापाशी मात्र मजकूर कामाला येत नाही, तिथे उभी असलेली बाई कामाला येते. तिने येणाऱ्या प्रत्येकीला, अगदी प्रत्येकीला, बोट कुंकवात बुडवण्याआधी "लावू ना?" असं विचारावं. सगळ्यांनाच विचारलं की कुणालाच वेगळं पाडल्यासारखं होत नाही. ज्या "नको" म्हणतील त्यांना फूल, तिळगूळ आणि तेच वाण. इतर धर्माच्या शेजारणींनाही हेच लागू. चेहरा बघून बोट मागे घेणारी बाई ताटावर बसवू नका, ती नात्यात कितीही मोठी असली तरी.

वाण किती आणायचं?

फ्लॅट मोजू नका, बायका मोजा. 42 घरं म्हणून 42 वाणं आणली की सात वाजता पेटी रिकामी होते. कुठे सासू-सून-नणंद तिघी असतात, कुठे चार मुलगे भाड्याने राहतात आणि बाई एकही नसते.

उदाहरणातल्या सोसायटीची यादी अशी झाली: 42 घरांतून 58 नावं. मग घरकामाला येणाऱ्या, जिना झाडणाऱ्या मावशी आणि वॉचमनची बायको मिळून 7. ह्यांना सुरुवातीपासून यादीत धरायचं, उरलंसुरलं शेवटी द्यायचं नाही. झाल्या 65. पाहुण्या, माहेरवाशिणी, ऐनवेळी आलेली शेजारच्या सोसायटीतली मैत्रीण यांच्यासाठी 7. एकूण 72, म्हणजे बरोबर सहा डझन. बाजारात वाण डझनावर मिळतं, तेव्हा आकडा वरच्या डझनाला नेऊन ठेवा.

65 पैकी सगळ्या येणार नाहीत हे खरं, पण कोण येणार नाही हे आधी कळत नाही. शेवटी आठ-दहा वाणं उरली तर बिघडत नाही. दोन कमी पडली तर त्या दोघींची नावं पुढच्या संक्रांतीपर्यंत सगळ्यांना पाठ असतात.

कमी पडण्याचं खरं कारण काय असतं?

बहुधा मोजणी चुकलेली नसते, वाटप चुकलेलं असतं. "माझ्या जावेसाठी एक दे, ती वर आहे", "आईला गुडघ्यामुळे उतरता येत नाही" असं करत तीन-तीन वाणं एका हातात जातात, आणि नंतर जाऊ स्वतः खाली येते. म्हणून नावांची यादी. वाण सगळ्यात शेवटी, बाहेर पडायच्या वाटेवर, एकाच टेबलावर ठेवा. तिथे एक जण वाण देईल, दुसरी नावापुढे खूण करेल. आजारी किंवा वयस्कर बाईचं वाण तिच्या नावापुढे "घरी" लिहून बाजूला काढा आणि दुसऱ्या दिवशी तिला हळदी-कुंकू लावूनच द्या. यादी घेऊन बसणं सरकारी वाटतं अशी तक्रार होते. होऊ द्या.

वाण म्हणून काय द्यावं?

सोलापुरात राहून प्लास्टिकचे डबे वाटू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. चादर वाणाला फार मोठी होते, पण टेरीचा हात पुसायचा नॅपकीन अगदी बेताचा: घरात लागतो, फुटत नाही, प्रत्येकीकडे आधीच असला तरी अडचण होत नाही. घेताना तीन गोष्टी बघा.

पहिली, रंग. एक नॅपकीन विकत आणून कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा आणि ओला असतानाच पांढऱ्या सुती कापडावर घासा. लाल, मरून आणि गडद निळा बहुतेक वेळा रंग सोडतो. घरोघरी बादल्या गुलाबी झाल्या तर वाणाची आठवण वेगळ्याच कारणाने राहते. दुसरी, कडा. चारही बाजू दुमडून शिवलेल्या हव्यात. दोनच बाजू शिवलेला माल स्वस्त पडतो, पण चार धुण्यांत कडेचे दोरे सुटायला लागतात. तिसरी गोष्ट गमतीची आहे पण रांग तीच अडवते: डझनात सरमिसळ रंग असतात. उघडे ठेवले की प्रत्येकजण "तो पिस्ता द्या ना" म्हणते. एकतर सगळे एकाच रंगाचे घ्या, नाहीतर कागदी पिशवीत बंद करून द्या.

शेंगा चटणी हे दुसरं चांगलं वाण, 100 ग्रॅमची पुडी. पण तिला तेल सुटतं. कागदात बांधली तर साडीला डाग पडतो, म्हणून सीलबंद पिशवीच हवी. शिवाय त्यात लसूण असतो. जैन आणि काही मारवाडी घरांत तो चालत नाही, तेव्हा तेवढ्या पुड्या बिनलसणाच्या सांगून करून घ्या आणि त्यावर खूण ठेवा.

काचेच्या बांगड्या मात्र टाळा. दोन-दोन, दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ अशी मापं सांभाळत बसावं लागतं, आणि 72 जणींची मापं कुणी विचारून आणत नाही.

प्रत्येकीने आपापलं वाण दिलं तर जास्त बरं नाही का?

घरच्या हळदी-कुंकवाला बरं, सोसायटीत नाही. 40 जणींनी प्रत्येकी 72 वाणं आणली तर टेबलावर 2,880 वस्तू येतात आणि प्रत्येकीला घरी न्यायला पोतं लागतं. वाण सगळ्यांचं मिळून एकच ठेवा. अपवाद एकच: जिची लग्नानंतरची पहिली संक्रांत आहे, जी काळी साडी नेसून हलव्याचे दागिने घालून येणार आहे, तिला स्वतः वाण लुटायची हौस असते. तिच्यासाठी वेगळं टेबल मांडा. अशा तिघींपेक्षा जास्त असतील तर त्यांनी मिळून एक वाण द्यावं.

तिळगूळ, हळद-कुंकू किती लागतं?

72 जणींना प्रत्येकी दोन तिळाचे लाडू आणि थोडा हलवा, छोट्या पुडीत. 12 ग्रॅमचा एक लाडू धरला तर 144 लाडवांना पावणेदोन किलो होतात. दोन किलो करा. हलवा पाऊण किलो. हलवा उघडा राहिला तर चिकट होतो, पुड्या आदल्या रात्री बांधा, त्याच्या आधी नको.

हळद आणि कुंकू प्रत्येकी 100 ग्रॅम दोन ताटांना भरपूर होतं. यात काटकसर करू नका: स्वस्त, भडक गुलाबीकडे झुकणाऱ्या कुंकवाने कपाळाला खाज येते. आदल्या दिवशी दोघी-तिघींनी हाताच्या आतल्या बाजूला लावून रात्रभर बघावं. गुलाबपाणी 200 मिली पुरतं. गुलाबदाणी मात्र फरशीपासून लांब, चटईवर उभं राहून शिंपडा. गुळगुळीत फरशीवर गुलाबपाणी आणि सांडलेलं कुंकू एकत्र आलं की पाय घसरतो.

वर्गणी की सोसायटीचा फंड?

वर्गणी. मेंटेनन्सच्या पैशातून खर्च केला की सर्वसाधारण सभेत त्याचा हिशेब निघतो, आणि तिळगूळ खाऊन गोड बोललेले लोकच तो काढतात. घरटी 200 रुपये धरले तर 42 घरांचे 8,400 होतात. त्यातले निम्मे वाणाला ठेवा, उरलेल्यात तिळगूळ, फुलं, खुर्च्या आणि दिवे बसतात. ज्यांनी दिली नाही त्यांनाही वाण मिळतं. यादीवर वर्गणीची खूण करू नका.

बोरन्हाण त्याच दिवशी घ्यावं का?

घ्या, पण 5 ते 5.30 मध्येच, आणि ताटांपासून लांब चटई घालून. बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, हलवा, गोळ्या हे सगळं जमिनीवर पडतं आणि मोठी मुलं त्यावर तुटून पडतात. बोरं लहान आकाराची निवडा, तान्ह्याच्या डोक्यावर मोठं बोर लागतं. अगदी लहान बाळाच्या आसपास चुरमुरे आणि हलव्याचे दाणे राहू देऊ नका, ते तोंडात जातात.

साडीवर हळद किंवा कुंकू सांडलं तर?

लगेच पाणी लावू नका, हात तर मुळीच लावू नका. साडी उलटी धरून झटका, कोरडी पूड जितकी पडेल तितकी पडू द्या. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो. घाबरू नका: साबण अल्कधर्मी असतो आणि हळद त्यात रंग बदलते. हळदीला चुना लावून कुंकू होतं तेही याचमुळे. डाग साध्या पाण्याने खळबळून घ्या आणि साडी उन्हात वाळत घाला. हळदीचा रंग उन्हाने उडतो, आणि सोलापूरचं जानेवारीतलं ऊनही त्याला दोन दिवसांत पुरतं. सिल्कची साडी मात्र उन्हात टाकू नका, ती धुलाईवाल्याकडे द्या आणि डाग हळदीचा आहे हे सांगून द्या.